ड्रॉइंग बदललं, पण फौंड्रीला कळवायचं कुणी? उद्यमनगरातल्या आठ माणसांचा कामवाटपाचा तक्ता

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये मी ऑर्डरी आणि ड्रॉइंग बघतो. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही त्याचं मशिनिंग करतो आणि पंप बनवणाऱ्या गिऱ्हाइकाला माल देतो. मालक धरून आम्ही आठ जण आहोत. एवढ्या माणसांत कुणी काय करायचं हे कागदावर कशाला लिहायचं, असं आमच्याकडं सगळ्यांचंच मत होतं. ते एका बेअरिंग हाउसिंगनं बदललं.

त्या हाउसिंगमध्ये पूर्वी ६२०६ बेअरिंग बसायचं. त्याचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर, म्हणून आमचं बोअर, म्हणजे ते बसायचं भोकही ६२ चं. गिऱ्हाइकानं पंपाचा शाफ्ट जाड केला आणि बेअरिंग ६२०७ झालं, म्हणजे बोअर ७२ चं. भिंतीची जाडी आधीइतकीच १४ मिलिमीटर राहावी म्हणून त्यांनी बाहेरचा बॉस, म्हणजे बोअरभोवतीचा गोल उंचवटाही ९० वरून १०० केला. नव्या रिव्हिजनचं ड्रॉइंग मेलवर आलं. ते मालकांनी बघितलं, मी बघितलं, छापून शॉपमध्ये गेलं, ऑपरेटरनं प्रोग्राम बदलला, क्वालिटीनं ७२ चा प्लग गेज काढला. पण ज्याच्यावरून कास्टिंगचा साचा बनतो तो पॅटर्न शिरोलीत होता तसाच राहिला. फौंड्रीला ड्रॉइंग पाठवायचं काम खरेदीवाले दादा करतील असं आम्हाला वाटलं. दादांना वाटलं, पॅटर्नचा विषय आहे म्हणजे मालकच बोलले असतील.

जुन्या कास्टिंगमध्येही ७२ चं बोअर निघतं, हीच मोठी अडचण झाली. प्लग गेजची गो बाजू आत गेली, नो-गो बाहेर राहिली, माल पास झाला. बॉसचा बाहेरचा व्यास कास्टिंगचाच असतो, त्याला आम्ही टूल लावत नाही, म्हणून तपासणीच्या कागदावर ते माप नव्हतंच. भिंत १४ ऐवजी ९ मिलिमीटर राहिली. ऑपरेटरला मात्र खटकलं होतं. कास्टिंगमध्ये कोअरनं आधीच ठेवलेलं भोक ५६ चं, त्यातून ६२ काढताना व्यासात ६ मिलिमीटर मटेरियल काढावं लागायचं, आता ७२ साठी १६ काढावं लागत होतं. "कट लई बसतोय" असं तो शेजारच्या मशीनवरच्याला म्हणालाही. पण हे कुणाला सांगायचं आणि मशीन थांबवायचं का, हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. सगळी लॉट गिऱ्हाइकाकडून परत आली. फौंड्री म्हणाली, आम्हाला ड्रॉइंग आलंच नाही. आणि ते खरं होतं.

परत आलेला माल उतरवून घेतल्यावर मालकांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, सगळ्यांना वर ऑफिसात बोलावलं. ते रागावले नव्हते. "चूक कुणाची ते मला नको. हे काम कुणाचं, तेवढं सांगा," एवढंच ते म्हणाले. आणि कुणालाच सांगता येईना.

मोठ्या कंपन्यांत यासाठी रेसी नावाचा तक्ता वापरतात. डावीकडं कामं, वर माणसं, आणि प्रत्येक घरात त्या माणसाचा त्या कामाशी संबंध काय ते एका अक्षरात. संबंध चारच: काम करणारा, कामाला होकार देऊन त्याचं उत्तर देणारा, आधी ज्याला विचारायचं तो, आणि झाल्यावर ज्याला कळवायचं तो. इंग्रजी अक्षरं आम्ही घेतली नाहीत. करणाऱ्याला क, मंजूर करणाऱ्याला मं, विचारायचं त्याला वि आणि कळवायचं त्याला कळ एवढंच ठेवलं, कारण तक्ता मशीनजवळ लागणार होता आणि तो ऑपरेटरनं वाचायचा होता. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ५.३ कलमात जबाबदाऱ्या आणि अधिकार ठरवून सगळ्यांना समजलेले असावेत असं आहे. तक्ताच करा असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. आम्हाला मात्र तक्ताच सोयीचा वाटला, कारण त्यात मोकळं राहिलेलं घर डोळ्यांना दिसतं.

कामं लिहून काढताना मी आधी हुद्द्यांवरून सुरुवात केली: खरेदीची कामं, क्वालिटीची कामं, स्टोअरची कामं. त्यातून काहीच निघेना. प्रत्येक जण आपापलं काम नीट करतच होता. घोटाळा व्हायचा तो काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. मग आम्ही हुद्दे सोडले आणि एक ऑर्डर धरली, ती हाउसिंगचीच. मेल आल्यापासून माल टेम्पोत चढेपर्यंत तिच्या मागं मागं गेलो आणि जिथं जिथं कागद किंवा माल हात बदलतो तिथं एक ओळ लिहिली. मशीन पुसणं, चहा आणणं, हजेरी मांडणं असली एकाच माणसाची कामं वगळली. पुढं लक्षात आलं की ओळ लिहिताना शेवटी क्रियापद हवं, आणि ते पूर्ण झालं की नाही हे बघून सांगता आलं पाहिजे. 'ड्रॉइंग' ही ओळ निरुपयोगी आहे. 'क्वालिटी बघणं' हीसुद्धा. 'जुन्या प्रती गोळा करून रद्दचा शिक्का मारणं' ही ओळ चालते, कारण शिक्का मारलेला दिसतो तरी किंवा दिसत नाही तरी.

मग मी कोऱ्या तक्त्याच्या आठ प्रती काढल्या आणि प्रत्येकाला एकेक दिली. एकमेकांशी न बोलता, आज जसं चालतं तसं भरा, कसं असायला पाहिजे ते लिहू नका, एवढंच सांगितलं. सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत जास्त शिकवून गेलं ते हेच. एकत्र बसून भरला असता तर आण्णा जे म्हणतील त्याला सगळ्यांनी मान हलवली असती. वेगवेगळा भरल्यावर आठ कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि उत्तरं समोर आली. 'पहिला नग पास करणं' या ओळीत तिघांनी स्वतःपुढं मं लिहिलं होतं: आण्णांनी, सुपरवायझर मामांनी आणि क्वालिटीच्या पोरानं. 'पॅटर्नमध्ये बदल करून घेणं' या ओळीत प्रत्येकानं दुसऱ्या कुणाच्या तरी घरात क लिहिलं होतं. स्वतःच्या घरात कुणीच नाही.

तक्त्याचा मुख्य नियम असा की एका ओळीत मं एकच. करणारे दोघं-तिघं असू शकतात, विचारायचे असू शकतात, पण होकार देणारा आणि पुढं त्याबद्दल उत्तर देणारा एकच. दोघं ठेवले की प्रत्येक जण दुसऱ्यानं बघितलं असेल म्हणून सही करतो. आमच्या पहिल्या नगाचं तसंच होत होतं. तिघांपैकी ज्याला सवड मिळेल तो बघायचा, आणि बाकीचे दोघं निर्धास्त असायचे.

मग तिघांपैकी कुणाचं नाव ठेवायचं यावर बराच वेळ गेला. मामा वीस वर्षांहून जास्त काळ या शॉपमध्ये आहेत. कास्टिंगवर नुसता हात फिरवून त्यांना ब्लोहोल कळतं. क्वालिटीचा पोरगा डिप्लोमा करून आलेला, अजून पंचविशीच्या आतला. मामांनी सरळ विचारलं, "म्हंजे आता ह्येनं मला माल थांबवायचा?" खोलीत कुणी काही बोलेना. आण्णांनी उत्तर दिलं ते मला महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, "मामा, तुमच्या डोक्यावर आजचा माल बाहेर काढायचा भार हाय. ज्याच्या डोक्यावर तो भार, त्यानं पास-नापास ठरवू नये. त्येच्या जागी मी असतो तरी माझ्याकडं ठेवलं नसतं." आणि त्यांनी स्वतःचंही मं त्या ओळीतून खोडलं. मामांचं मन तिथं राखलं गेलं. त्यांच्या घरात कळ आलं. नग नापास झाला तर पहिला फोन मामांना, मग दुसऱ्या कुणाला.

छोट्या टीममध्ये करणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस असणं बऱ्याच ठिकाणी चालतं. चलन मीच बनवतो आणि मीच सही करतो, त्यात दुसरा माणूस घुसवला तर नुसता वेळ जातो. पण जिथं मोजून पास करायचं आहे तिथं दोन माणसं हवीतच. ऑपरेटरनं नग काढायचा, स्वतः मोजून आकडे कागदावर लिहायचे, क्वालिटीनं आपल्या साधनानं परत मोजायचे. आता त्या कागदावर बॉसचा बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी या दोन ओळीही आहेत, टूल लागो न लागो.

ड्रॉइंग बदलल्यावर काय करायचं, ही एकच ओळ आम्ही आधी लिहिली होती. भरायला घेतली तेव्हा तिच्यात पाच वेगळी कामं निघाली आणि पाचही कामांना होकार देणारा माणूस वेगळा असू शकतो हे दिसलं. एका ओळीत दोन मं लिहावेसे वाटू लागले की बहुतेक वेळा तिथं दोन ओळी चिकटलेल्या असतात. फोडल्यावर तो भाग असा झाला:

| काम | आण्णा | ऑर्डर (मी) | मामा | क्वालिटी | खरेदी-स्टोअर | ऑपरेटर | हिशेब |
|---|---|---|---|---|---|---|---|
| जुनं-नवं ड्रॉइंग ताडून बदललेली मापं लिहिणं | कळ | क | मं | वि | कळ | – | – |
| जुन्या प्रती गोळा करून रद्दचा शिक्का मारणं | – | मं | कळ | क | – | कळ | – |
| पॅटर्न आणि कोअरबॉक्स बदलून घेणं (ठरलेल्या रकमेपर्यंत) | कळ | कळ | मं | वि | क | – | कळ |
| जुनं कास्टिंग बाजूला काढून खूण करणं | – | कळ | कळ | मं | क | – | कळ |
| पहिला नग काढून, मोजून पास करणं | – | – | कळ | मं | – | क | – |

तिसऱ्या ओळीतलं कोअरबॉक्स हे नाव मुद्दाम घातलं आहे. बाहेरचा बॉस पॅटर्नमधून येतो आणि आतलं भोक कोअरबॉक्समध्ये बनणाऱ्या कोअरमधून. नुसता पॅटर्न बदला म्हटलं तर बॉस १०० चा येईल आणि भोक ५६ चंच राहील. भिंत बरोबर निघेल, पण बोअरिंगला वेळ आणि टूल दोन्ही जास्त जाईल. ७२ च्या बोअरला बाजूला ३ मिलिमीटर धरून कोअर ६६ चा पाहिजे. हे ज्याला कळतं त्याच्याकडं होकार असावा, म्हणून तिथं मामा. आणि चौथी ओळ आम्हाला कुणालाच सुचली नव्हती, ती स्टोअरच्या दादांनी घालायला लावली. त्यांचं म्हणणं असं की पॅटर्न बदलला तरी जुनं कास्टिंग रॅकमध्ये पडून असतं, आणि घाईत तेच मशीनवर चढतं. आता त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढतात, क्वालिटी बघून सही करतो.

ओळी आडव्या वाचून झाल्या की तक्ता उभा वाचायचा. आडवं वाचताना कामातली भोकं दिसतात. उभं वाचताना माणसावरचा भार दिसतो. आमच्या पहिल्या तक्त्यात आण्णांचा स्तंभ वरपासून खालपर्यंत मं नं भरलेला होता. इन्सर्ट मागवायचे तरी त्यांचा होकार, टेम्पो सांगायचा तरी त्यांचा होकार. आणि आण्णा तर गिऱ्हाइकांकडं पुण्याला, कधी बेळगावला. ते फोन उचलेपर्यंत काम थांबायचं, नाहीतर कुणीतरी "आण्णा नाही म्हणणार नाहीत" असं म्हणून पुढं जायचं. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तेव्हा होकार कुणाचाच नसतो. ही अक्षरं काढून घ्यायची म्हणजे मालकाच्या अधिकाराला हात लावण्यासारखं वाटत होतं. वाट निघाली ती रकमेतून. एका रकमेपर्यंत मामांचा होकार, त्याच्या वर आण्णांचा, आणि या दोन स्वतंत्र ओळी. आकडा किती, हे आण्णांनी हिशेब बघणाऱ्या वहिनींना विचारून ठरवलं. कुठल्या आकड्यापर्यंत चूक झाली तर शॉपला सोसेल हे त्यांना सगळ्यांत नीट माहीत होतं.

वहिनींच्या स्तंभात उलट तक्रार होती. तिथं सगळीकडं वि पडलं होतं. प्रत्येकाला वाटायचं की पैशाचा संबंध आहे तर विचारलेलं बरं. पण वि म्हणजे काम त्यांच्या उत्तरासाठी थांबणार. कळ म्हणजे काम झालं आणि त्यांना समजलं, थांबायचं नाही. हा फरक एका प्रश्नानं सुटतो: त्यांनी "नको" म्हटलं तर आपण करायचं थांबणार आहोत का? थांबणार असू तरच वि. असं एकेका घराला विचारत गेलो आणि वहिनींचे बहुतेक वि कळ झाले. क्वालिटीच्या पोराचे मात्र दोन कळ होते ते वि करावे लागले, कारण तपासायचं माप कुठलं हे आधीच विचारलं नाही तर तोच गोंधळ परत होणार होता.

कळवलं म्हणजे नेमकं काय केलं, यावर आम्ही ठाम झालो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं धरायचं नाही. तिथं सकाळचे नमस्कार, सुट्टीचे निरोप, टेम्पोचे फोटो यांत ड्रॉइंग वाहून जातं. तक्त्यातलं कळ पूर्ण होतं ते जॉबकार्डावर त्या माणसाची सही आल्यावर. फौंड्री आमच्या आठांत नाही, पण तक्त्याच्या शेवटी बाहेरच्यांसाठी एक स्तंभ आहे. त्यांना मेल जातो आणि नवं ड्रॉइंग मिळालं, जुनं रद्द केलं असं त्यांचं उत्तर फाइलला लागेपर्यंत ती ओळ उघडी समजायची. ते उत्तर मागून घ्यायचं काम दादांचं, नावासकट लिहिलेलं.

ऑपरेटरचं "कट लई बसतोय" कुठल्या ओळीत बसवायचं हे शेवटपर्यंत जमेना. कारण ते कुठलं ठरलेलं काम नाही, आणि त्याला कुणाची मंजुरी ठेवली तर तो पुन्हा गप्पच बसणार. शेवटी ते तक्त्यात घातलंच नाही. तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिली: काही वेगळं वाटलं तर मशीन कुणीही थांबवावं, विचारायची गरज नाही. परत सुरू मात्र क्वालिटीनं बघितल्यावरच करायचं. थांबवण्याला मंजुरी नको, सुरू करण्याला हवी. पहिल्यांदा असं मशीन थांबलं तेव्हा कारण किरकोळ निघालं, चक्कच्या जबड्यात बुरादा अडकला होता. मामांनी त्या ऑपरेटरला सगळ्यांसमोर "बरं केलंस" म्हटलं. ते म्हटलं नसतं तर वरची ओळ भिंतीवरच राहिली असती असं मला वाटतं.

तक्ता लागू झाल्यावर पहिली कसोटी लागली ती चैत्र पौर्णिमेला. जोतिबाच्या यात्रेला निम्मं शॉप वाडी रत्नागिरीला, त्यात क्वालिटीचा पोरगाही. पहिला नग तयार होता आणि पास करणारा डोंगरावर. तेव्हा प्रत्येक मं च्या खाली बारीक अक्षरात दुसरं नाव आलं: तो नसेल तेव्हा कोण. पहिल्या नगासाठी ते नाव मामांचं असू शकत नव्हतं, कारण तेच ना, माल काढायचा भार. ते माझं झालं, आणि त्यासाठी मला बोअर गेज नीट धरायला शिकावं लागलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, नदीच्या अलीकडचा माणूस पलीकडं जाऊ शकत नव्हता. म्हणून फौंड्रीवर जाऊन करायच्या कामांना दुसरं नाव शिरोलीच्या बाजूला राहणाऱ्या माणसाचं ठेवलं आहे.

हा तक्ता काही गोष्टी सांगत नाही, आणि त्या त्याच्याकडून मागूही नयेत. काम कधीपर्यंत व्हायला हवं हे त्यात नसतं, त्यासाठी जॉबकार्डावरची तारीखच बघावी लागते. काम कसं करायचं हेही नसतं. कुठलं आधी, कुठलं नंतर, हेही अक्षरांतून कळत नाही. आमच्या पाच ओळी क्रमानं लिहिल्यात म्हणून तसं वाटतं इतकंच. तक्ता जुना होऊ लागलाय हे ओळखायची खूण आम्हाला सापडली ती जॉबकार्डावर. एखाद्या सहीच्या जागी "ह्यांना विचारून" असं लिहिलेलं दिसू लागलं की समजायचं, होकार एका माणसाच्या नावावर आहे आणि देतोय दुसराच. मग त्या ओळीवर परत बसायचं. माणूस बदलला, नवं मशीन आलं किंवा नवं गिऱ्हाईक जोडलं तरी बसायचंच.

सध्या एक ओळ अडली आहे. फौंड्रीकडून आलेलं कास्टिंग मशिनिंग झाल्यावर आतून सच्छिद्र निघालं, तर कास्टिंगचे पैसे ते सोडतात, पण आमच्या मशिनिंगचा खर्च मागायचा की नाही आणि किती, हे कुणी ठरवायचं? दादा म्हणतात खरेदी माझी, म्हणजे मी. वहिनी म्हणतात डेबिट नोट मी काढते. आण्णांना वाटतं, वर्षानुवर्षांचे संबंध आहेत, हे आपल्याकडं ठेवावं. मी ही ओळही तीन ओळींत फोडून बघितली आहे: खर्च काढणं दादांकडं, मागायचं की नाही ते आण्णांकडं, नोट वहिनींकडं. शनिवारी मशीन बंद झाल्यावर बसणार आहोत.